मार्क घसरले, पण तब्येत घसरली का?

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. वय ४७, घरची शेती, सात वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. वर्ष झालं, बायकोजवळ गेलं की ताठपणा येत नाही, आला तर टिकत नाही. एप्रिलमध्ये परभणीला डॉक्टरांनी पाच प्रश्नांचा कागद भरून घेतला. मार्क पडले २, २, २, २, १. बेरीज ९. मग सिल्डेनाफिलची ५० ची गोळी लिहून दिली. मे महिन्यात गोळी घेऊन सहा वेळा प्रयत्न केला. चार वेळा जमलं, त्यातल्या तीन वेळा शेवटपर्यंत टिकलं. दोनदा काहीच झालं नाही, त्या दोन्ही दिवशी लग्नाचं जेवण करून आलो होतो. महिन्यानं कागद भरला तर ३, २, २, २, २, म्हणजे ११. जूनमध्ये मालकीण लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. तिसरा कागद मी घरीच भरला: ३, ०, ०, ०, ०. औषध घेऊन ९ वरून ३ वर आलो! मेडिकलवाला म्हणतो १०० ची घ्या. घ्यावी का सगळंच बंद करावं?*
*– परभणी जिल्ह्यातला एक वाचक*

दादा, गोळी बंद करू नका आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून १०० चीही घेऊ नका. आधी तुमचे तीन कागद नीट वाचू. तुम्ही मार्क प्रश्नवार लिहून पाठवलेत हे फार चांगलं केलंत. नुसती बेरीज पाठवली असती तर मला काहीच सांगता आलं नसतं. पहिला कागद बरोबर आहे. दुसरा चुकीच्या काळाचा आहे. तिसऱ्याची तर बेरीजच करायची नसते.

हा कागद कुठून आला ते थोडक्यात सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते. १९९७ मध्ये संशोधकांनी पंधरा प्रश्नांची एक मोठी प्रश्नावली तयार केली. त्यात गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. पंधरा प्रश्न ओपीडीत भरून घेणं जड जातं, म्हणून १९९९ मध्ये तिच्यातून पाच प्रश्नांचा हा छोटा कागद निघाला. डॉक्टर त्याला आयआयईएफ-५ किंवा शिम म्हणतात. पहिला प्रश्न भरवशाचा: ताठपणा येईल आणि टिकेल असा तुम्हाला स्वतःला किती विश्वास वाटतो. दुसरा, आत प्रवेश करता येईल इतका कडकपणा किती वेळा आला. तिसरा, प्रवेश झाल्यावर तो किती वेळा टिकला. चौथा, शेवटपर्यंत टिकवणं किती कठीण गेलं. पाचवा, किती वेळा समाधान झालं. प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ मार्क, एकूण २५. २२ आणि त्यापुढे असेल तर त्रास नाही असं धरतात. १७ ते २१ म्हणजे सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम आणि ५ ते ७ तीव्र. म्हणजे एप्रिलमधले तुमचे ९ मध्यम त्रासात बसतात, आणि तुम्ही जे वर्णन करता त्याच्याशी ते जुळतात.

आता तुमच्या कागदाच्या डोक्यावरची ओळ वाचा. तिथे 'गेल्या सहा महिन्यांत' असं छापलेलं असणार. पहिल्या तपासणीला ते योग्य आहे. एखादा महिना ताणात गेला, घरात कुणाचा मृत्यू झाला, पेरणीच्या दिवसांत अंग मोडून काम झालं, तर तेवढ्यावरून कुणाला आजारी ठरवू नये, म्हणून काळ लांब घेतला आहे. पण मे अखेरीस तुम्ही तोच कागद, तीच ओळ वाचून, प्रामाणिकपणे भरलात. त्या सहा महिन्यांतले पाच महिने औषधाआधीचे होते आणि एकच महिना औषधाचा. मृगाचा पाऊस चांगला पडला आणि तुम्ही डिसेंबरपासूनची सरासरी काढली, तर कागदावर दुष्काळच दिसणार. तुमचे ११ तसेच आलेले आहेत. म्हणून उपचार सुरू झाल्यावर हेच पाच प्रश्न 'गेल्या चार आठवड्यांत' असे वाचून भरायचे असतात. मोठ्या प्रश्नावलीत मुळातच तो काळ आहे, त्यामुळे आम्हीही उपचाराच्या पाठपुराव्याला चार आठवडेच धरतो. हे कागद देताना तोंडी सांगायला हवं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक तुमची नाही.

तुम्ही पत्रात जे आकडे दिलेत त्यांवरून मे महिन्याचा कागद आपण पुन्हा भरू. पहिल्या प्रश्नाला तुम्ही दिलेले ३ तसेच ठेवतो, तो तुमच्या मनाचा कौल आहे. दुसरा प्रश्न: सहापैकी चार वेळा प्रवेश जमला. हे निम्म्याहून स्पष्ट जास्त आहे, म्हणजे 'बहुतेक वेळा', ४ मार्क. तिसऱ्या प्रश्नात मोजणी बदलते, आणि इथे बहुतेक जण गोंधळतात. प्रश्न 'प्रवेश झाल्यावर' असा आहे, म्हणून भागायचं सहाने नाही, चारने. चारपैकी तीन वेळा टिकलं, पुन्हा ४ मार्क. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला पत्रातून कळत नाही. टिकलं, पण किती जपून, किती धास्तीनं, ते तुम्हालाच माहीत. मी हात आखडता ठेवून ३ धरतो. पाचवा: समाधान सहापैकी तीन वेळा, म्हणजे निम्म्या वेळा, ३ मार्क. बेरीज १७. चौथ्याला तुम्ही २ दिलेत तर १६ होईल, ४ दिलेत तर १८.

म्हणजे ज्या महिन्याला तुम्ही ११ म्हणालात, तो महिना खरं तर १७ च्या आसपासचा होता. ९ वरून १७.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. सौम्य, मध्यम या पट्ट्या सहा महिन्यांच्या कागदावरून ठरलेल्या आहेत. चार आठवड्यांच्या मार्कांवर त्या जशाच्या तशा लावू नका. 'माझा त्रास आता सौम्य झाला' असा दाखला या १७ मधून मिळत नाही. चार आठवड्यांचा कागद तुमची तुमच्याशीच तुलना करायला आहे. आणि तुलना करायची तर सुरुवातीचा कागदही त्याच काळाचा असावा. तुमच्या बाबतीत औषधाआधीचं वर्ष एकसारखंच गेलं होतं, त्यामुळे एप्रिलचे ९ चालतील. पण ज्यांचा त्रास कमी-जास्त होत राहतो त्यांनी पहिली गोळी घेण्याआधी दोन कागद भरावेत, एक सहा महिन्यांचा आणि एक चार आठवड्यांचा. औषध सुरू झाल्यावर आठवून भरलेला 'आधीचा' कागद खरा येत नाही. बरं वाटू लागलं की माणसाला मागचं जास्त वाईट वाटतं, आणि नाही वाटलं की मागचे दिवस बरे होते असं वाटतं.

किती मार्क वाढले म्हणजे खरंच फरक पडला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते कळलं की पुढे धास्ती बसणार नाही. मोठ्या प्रश्नावलीत ताठपणाचे सहा प्रश्न असतात, कमाल ३० मार्कांचे. त्यांच्यावर २०११ मध्ये अभ्यास झाला. सुरुवातीला त्रास सौम्य असेल तर २ मार्कांची वाढ रुग्णाला जाणवते, मध्यम असेल तर ५ लागतात आणि तीव्र असेल तर ७. आपला कागद पाच प्रश्नांचा आणि २५ मार्कांचा, त्यामुळे हे आकडे त्याच्यावर तंतोतंत बसवता येत नाहीत. पण अंदाज येतो. तुमच्यासारख्या मध्यम त्रासात एक-दोन मार्क वर गेले किंवा खाली आले तर त्याचा काही अर्थ काढू नये. तेवढा फरक तर सकाळी भरला की संध्याकाळी भरला यानेही पडतो. आठ मार्कांची वाढ मात्र उगीच होत नाही.

आता जूनचा कागद, ज्यानं तुमची झोप उडवली.

दुसऱ्या ते पाचव्या प्रश्नात ० हे 'सगळ्यात वाईट' याचं उत्तर नाही. सगळ्यात वाईट उत्तर १ आहे: 'जवळजवळ कधीच नाही' किंवा 'अत्यंत कठीण'. शून्याचा अर्थ 'संबंधाचा प्रयत्नच झाला नाही'. वहिनी पुण्याला, तुम्ही गावाकडे, मग प्रयत्न कसा होणार? बैल विकलेल्या शेतकऱ्याला 'औत किती चाललं' विचारून शून्य लिहावं आणि जमीन नापीक ठरवावी, तसं हे आहे. तीव्र त्रासाची पट्टीसुद्धा ५ ते ७ अशी आहे. ५ च्या खालच्या बेरजेला कागदात काही अर्थच दिलेला नाही. अशा महिन्याची बेरीज करू नका. कागदावर तारीख टाका, 'संधी नव्हती' असं लिहा आणि ठेवून द्या. ऊसतोडीला सहा-सहा महिने जाणारी माणसं, पुण्या-मुंबईला नोकरी आणि बायको गावी असणारे, बायकोच्या बाळंतपणानंतरचे महिने, या सगळ्यांच्या कागदावर असे शून्य येतात आणि नुसती बेरीज पाहणारा त्यांना तीव्र आजारी समजतो. पहिल्या भेटीला तसं झालं तर गरज नसताना मोठी औषधं सुरू होतात.

पण शून्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. बायको घरातच आहे, पण माणूस जेवण झालं की घोंगडं घेऊन आखाड्यावर झोपायला निघतो. राखण हे निमित्त असतं. फजिती होईल या भीतीनं तो जवळ जाणंच टाळतो. त्याच्याही कागदावर शून्यच येतं. दिसायला सारखं, पण हे शून्य आजाराचाच भाग आहे. म्हणून शून्य लिहिलं की शेजारी एका ओळीत कारण लिहायचं: ती घरी नव्हती, कुणी आजारी होतं, की मीच टाळलं. तिसरं कारण लिहायला जड जातं हे मला माहीत आहे. तेच डॉक्टरला सगळ्यात उपयोगाचं असतं, कारण तिथे गोळीचा डोस वाढवून भागत नाही, नवरा-बायकोशी बोलावं लागतं.

बेरीज आणखी एका प्रकारे फसवते, म्हणून मी नेहमी ओळी वेगवेगळ्या वाचतो. दुसऱ्या प्रश्नाला ४-५ आणि तिसऱ्या-चौथ्याला १-२ असे मार्क घेऊन एक तरुण माझ्याकडे आला होता. बेरीज १३ आणि हातात ताठपणाच्या गोळ्या. नीट विचारलं तर ताठपणा उत्तम येत होता, वीर्य मिनिटाच्या आत जात होतं आणि त्यानंतर ताठपणा उतरायचा, जो सगळ्यांचाच उतरतो. त्याचा त्रास शीघ्रपतनाचा होता. कागदात त्याच्यासाठी प्रश्न नाही, म्हणून त्यानं 'टिकत नाही' या रकान्यात उत्तर दिलं. तुमच्या एप्रिलच्या कागदात दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत सगळीकडे २ होते, म्हणजे येणं आणि टिकणं दोन्ही अडत होतं. तरी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून ठेवा: जे चौथ्यांदा टिकलं नाही, ते वीर्य जाण्याआधी उतरलं की नंतर?

चौथ्या प्रश्नाची दिशाही तपासून घ्या. बाकी प्रश्न 'किती वेळा' विचारतात, हा 'किती कठीण' विचारतो. घाईत कुणी कुणी 'फार कठीण गेलं' म्हणून ५ देऊन मोकळे होतात. इथे ५ म्हणजे 'अजिबात कठीण गेलं नाही'. तुम्ही २ दिलेत, म्हणजे 'खूप कठीण', ते बरोबर असावं असं वाटतं, पण पुन्हा वाचा.

आता १०० च्या गोळीचं. तुमच्या सहापैकी दोन प्रयत्न पुरी, भजी, बुंदी अशा तळलेल्या-तुपाच्या जेवणावर झाले. सिल्डेनाफिल जड, तेलकट जेवणावर घेतलं तर त्याचा असर साधारण तासभर उशिरा सुरू होतो आणि थोडा कमीही पडतो. ते दोन दिवस गोळीचा कस लागण्यासारखे नव्हते. गोळी रिकाम्या पोटी किंवा हलक्या जेवणानंतर दोन तासांनी, संबंधाच्या तासभर आधी घ्यावी. आणि ती आपोआप काम करत नाही, मनात इच्छा आणि जवळीक लागतेच. अशा रीतीनं सहा ते आठ प्रयत्न झाल्याशिवाय '५० नं भागत नाही' असं म्हणू नये. तुमचे नीट झालेले प्रयत्न चारच, आणि चारही वेळा प्रवेश जमला. डोस वाढवायचं कारण मला दिसत नाही. पुढे वाढवायचा झालाच तर तुमचे डॉक्टर बीपी बघून आणि बाकीची औषधं विचारून ठरवतील. १०० हा या औषधाचा कमाल डोस आहे आणि दिवसाला एकच.

एक गोष्ट कागदात नाही, पण ती विचारल्याशिवाय मी हे उत्तर पाठवणार नाही. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी किंवा नायट्रेटचं दुसरं कोणतंही औषध तुम्हाला दिलेलं आहे का? असेल तर सिल्डेनाफिल ५० असो की २५, एकही घ्यायची नाही. बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जीव धोक्यात येतो. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. आणि सात वर्षांची शुगर असताना ताठपणा जाणं ही कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक, त्या आधी तुंबतात. मार्क वाढले म्हणजे हे सुटलं असं होत नाही, कारण कागद त्रास किती ते सांगतो, का ते सांगत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि चालताना धाप लागते का, हे या पावसाळ्यात एकदा तपासून घ्या. सकाळी अकराच्या आत रक्त देऊन टेस्टोस्टेरॉनही बघायला सांगा.

वहिनी परत आल्या की पहिले दोन-चार दिवस कागदाचा विचार करू नका. नंतर एक छोटी डायरी खिशात ठेवा, घरात लेकरं असतात म्हणून तिच्यात शब्द लिहू नका. प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ पुरे: तारीख, गोळी किती वाजता, जेवण हलकं की जड, आणि पुढे दोन खुणा. प्रवेश झाला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. पुरेसा टिकला तर बरोबर, नाही तर फुली. गोळी न घेता प्रयत्न झाला तर वेळेच्या जागी रेघ मारा. पाचव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, एकटं असताना, जुने कागद न बघता, ही डायरी समोर ठेवून पाच प्रश्न भरा. वरची 'सहा महिने' ही ओळ पेनानं खोडून 'चार आठवडे' लिहा आणि बाजूला 'गोळीसह' असं लिहा. रेघेच्या ओळी त्यात मोजू नका, त्यांचा वेगळा हिशेब डॉक्टरांना सांगा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या समाधानाचं आहे, तिच्या नाही, तेव्हा तिला वेगळं विचारा. कागदात तिच्यासाठी जागा नाही.

मग एप्रिलचा, मे महिन्याचा दुरुस्त केलेला आणि हा नवा, असे तीन कागद आणि डायरी घेऊन परभणीला जा. जूनचा कागदही न्या, पण त्याच्यावर 'ती पुण्याला होती' एवढं लिहून.